अर्ज, नोटीस, पत्रातले भरतीचे शब्द कसे छाटावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी लिहिणाऱ्यांना 'इन ऑर्डर टू' आणि 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' दिसले की खोडायला शिकवतात. पहिल्याच्या जागी नुसते 'टू' पुरते, दुसऱ्याच्या जागी 'बिकॉज'. मराठीत त्यांची सख्खी भावंडे आहेत: 'च्या उद्देशाने', 'च्या अनुषंगाने', 'या वस्तुस्थितीमुळे', 'असल्याकारणाने', आणि या सगळ्यांत थोरले 'करण्यात येते'. या पानावर मराठीतल्याच भरतीच्या शब्दांचा विचार केला आहे. मुख्य उदाहरण माहिती अधिकाराच्या अर्जाचे आहे, कारण महाराष्ट्रात या अर्जाला शब्दमर्यादा आहे आणि वाया गेलेला शब्द तिथे मोजून दाखवता येतो.

भरतीचा शब्द ओळखायचा कसा?

शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाचा. कोणी, काय, कधी, कोणत्या अटीवर, यांतले काहीच बदलले नाही तर तो भरतीचा. यांतले एक जरी हलले तर तो कामाचा, मग तो कितीही जड वाटो.

हे वाक्य घ्या: 'सदर इमारतीच्या दुरुस्तीच्या कामाच्या संदर्भात बैठक आयोजित करण्यात आलेली आहे.' दहा शब्द. आवारात एकच इमारत असेल तर 'सदर' कोणाकडेच बोट दाखवत नाही. दुरुस्ती हे कामच असते, म्हणून 'कामाच्या' नको. 'च्या संदर्भात'चे काम 'बद्दल' करतो. 'आयोजित करण्यात आलेली आहे' म्हणजे 'ठेवली आहे'. उरते ते असे: 'इमारतीच्या दुरुस्तीबद्दल बैठक ठेवली आहे.' पाच शब्द.

आता हे पाच शब्द वाचताना लगेच जाणवते की बैठक कधी आहे आणि कोणी ठेवली आहे, ते लिहिलेलेच नाही. दहा शब्दांत ती उणीव लपली होती. छाटणीचा हा फायदा जागा वाचण्यापेक्षा मोठा आहे, असे आमचे मत आहे. म्हणून वाक्य छोटे झाले की थांबू नका; काय राहून गेले ते पाहा आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच भरा.

हे शब्द मराठीत आले कुठून?

दोन वाटांनी. 'सबब', 'सदर', 'मजकूर' हे फारसी वळणाच्या दरबारी कागदांतून आले. मोडी कागदपत्रांत ते जागोजाग भेटतात आणि तिथे त्यांना नेमके काम असे: आधी उल्लेख केलेल्या माणसाकडे किंवा गावाकडे बोट दाखवणे. दुसरी वाट भाषांतराची. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याच्या आधी आणि नंतर सरकारी इंग्रजी मसुदे मराठीत आणताना इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून वर मराठी, बहुतेक वेळा संस्कृत, शब्द चढवले गेले. 'विथ रेफरन्स टू'चे 'च्या संदर्भात' झाले, 'इज हिअरबाय इन्फॉर्म्ड'चे 'याद्वारे कळविण्यात येते' झाले. कार्यालयातली वाक्ये पाहून सोसायट्यांनी लिहिले, त्यांचे पाहून शाळांनी. आज लग्नपत्रिका सोडल्या तर बहुतेक छापील सूचना याच वळणाच्या असतात.

'च्या उद्देशाने', 'च्या हेतूने', 'च्या दृष्टीने' यांच्या जागी काय लिहावे?

मराठीला हेतू सांगायला स्वतंत्र शब्द बहुधा लागतच नाही. तो प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात बसतो. 'पाणी साठवण्याच्या उद्देशाने टाकी बांधण्यात आली' हे 'पाणी साठवायला टाकी बांधली' असे होते, आणि संदर्भ स्पष्ट असेल तर 'पाण्यासाठी टाकी बांधली' एवढेही चालते. क्रियापद असेल तर 'करायला' किंवा 'करण्यासाठी', नाम असेल तर 'साठी'. 'करण्यासाठी' थोडे औपचारिक आहे, 'करायला' बोलीच्या जवळचे. पत्रात दोन्ही शोभतात.

'साठी' वापरताना एक खाचखळगा सांभाळा. तो हेतूही दाखवतो आणि लाभ कोणाला तेही. 'मुलांसाठी औषध फवारणी' म्हणजे मुलांच्या भल्यासाठी, 'डासांसाठी औषध फवारणी' म्हणजे डासांच्या नाशासाठी. वाचणारा दुसरे वाक्य समजून घेतो, पण सूचनेत 'डास मारायला फवारणी' लिहिले तर त्याला समजून घ्यावे लागत नाही.

'उद्देशाने' राखायचाच अशी जागा एक आहे: जिथे मनातला हेतू हाच मुद्दा असतो. अनेक गुन्ह्यांत उद्देश हा गुन्ह्याचा घटकच असतो. 'फसवण्याच्या उद्देशाने खोटी पावती दिली' या तक्रारीतून 'उद्देशाने' काढला तर आरोपाचा कणाच जातो. तिथे हात लावू नका.

'या वस्तुस्थितीमुळे', 'असल्याकारणाने', 'या कारणास्तव' यांचे काय करावे?

यांत 'मुळे' किंवा 'कारण' आधीच आहे. बाकीचे त्याच्यावरचे ओझे. 'रस्ता खराब असल्याच्या वस्तुस्थितीमुळे' म्हणजे 'रस्ता खराब असल्यामुळे', आणि बहुतेक वेळा 'खराब रस्त्यामुळे'. 'असल्याच्या कारणामुळे' तर दुहेरी आहे: कारण सांगून पुन्हा 'मुळे'.

कोणते रूप निवडावे ते कारण किती लांब आहे त्यावर ठरवा. कारण एका नामात मावत असेल तर 'मुळे' जोडा: 'पावसामुळे', 'संपामुळे'. कारणाला स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असेल तर वाक्य मोडून 'म्हणून' किंवा 'कारण' घाला. 'ठेकेदाराने मुदतीत काम पूर्ण न केल्यामुळे बिल अडवण्यात आल्यामुळे मजुरांची मजुरी थकली' या वाक्यात दोन 'मुळे' एकमेकांना लटकले आहेत. 'ठेकेदाराने मुदतीत काम संपवले नाही, म्हणून पालिकेने बिल अडवले. त्यामुळे मजुरी थकली.' शब्द फारसे कमी झाले नाहीत, पण कोणाचे कारण काय ते कळते, आणि बिल पालिकेने अडवले हे सांगणे भाग पडले.

'मुळे' आणि 'नाही' एका वाक्यात आले की थांबून वाचा. 'पावसामुळे काम थांबले नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, काम थांबले, पण कारण पाऊस नव्हते. दुसरा, पाऊस आला तरी काम चालूच राहिले. छाटणीच्या भरात असे वाक्य तयार होते. तिथे चार शब्द जास्त गेले तरी चालतील: 'काम थांबले, पण पावसामुळे नव्हे' किंवा 'पाऊस असूनही काम चालू राहिले'.

'करण्यात येते' इतके नको का? ते तर सगळीकडे असते.

सगळीकडे असते म्हणूनच ते सगळ्यांत जास्त जागा खाते. एका क्रियापदाचे तीन तुकडे होतात. 'करण्यात येत आहे' टंकलेखनात मोकळ्या जागा धरून १५ अक्षरचिन्हे घेते, 'करतो' फक्त ४. पण जागेपेक्षा मोठे नुकसान असे की कर्ता पुसला जातो. 'निर्णय घेण्यात आला' हे वाक्य पूर्ण वाटते, आणि निर्णय कोणी घेतला हे विचारायचे सुचतच नाही.

ते काढायला तीन वाटा आहेत. पहिली, कर्ता लिहा: 'समितीने निर्णय घेतला'. कर्ता माहीत असेल तर हीच वाट धरावी. दुसरी, कर्ता खरोखर महत्त्वाचा नसेल तर कर्ता न मागणारे क्रियापद घ्या. 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल' याचे 'पाणी बंद राहील', 'अर्जांचे वितरण करण्यात येईल' याचे 'अर्ज खिडकी क्र. ३ वर मिळतील'. 'राहील', 'मिळेल', 'होईल', 'निघेल' ही क्रियापदे यासाठीच हाताशी ठेवा. दुकानदार हे कधी विसरला नाही. त्याच्या पाटीवर 'येथे चष्मे दुरुस्त करून मिळतील' असे असते, 'चष्म्यांची दुरुस्ती करण्यात येईल' असे क्वचितच. तिसरी वाट अनेकवचनाची: 'येथे रोख पैसे घेत नाहीत'. कोण घेत नाहीत ते सांगावे लागत नाही आणि वाक्य सरळ मराठी राहते.

कर्ता मुद्दाम झाकायचा असतो तेव्हा मात्र भाषेचा प्रश्न उरत नाही. 'चूक झाली असल्याचे निदर्शनास आणून देण्यात आले आहे' याचा सरळ मसुदा होत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो सरळ नकोच असतो. तो मसुदा ज्याने लिहिला त्याच्याकडे परत पाठवून चूक कोणाची, कोणी दाखवली, हे विचारावे.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे पूर्ण उदाहरण दाखवाल का?

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयाचा असावा आणि तो सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा, अशी तरतूद आली. दुसरा विषय असेल तर वेगळा अर्ज करायचा. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे. म्हणजे दिल्लीच्या एखाद्या मंत्रालयाला चालणारा मसुदा तुमच्या नगरपालिकेला तसाच पाठवला तर तो तिप्पट मोठा ठरू शकतो.

समजा रस्त्याच्या कामाची कागदपत्रे हवी आहेत. नेहमीच्या वळणाचा मसुदा असा असतो:

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या प्रभागातील शिवाजी चौक ते पाण्याची टाकी या दरम्यानच्या रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम गेल्या वर्षी करण्यात आलेले असून सदर रस्त्यावर अल्पावधीतच मोठ्या प्रमाणावर खड्डे पडलेले असल्याच्या वस्तुस्थितीमुळे नागरिकांना प्रचंड त्रास सहन करावा लागत आहे. सबब सदर कामाच्या संदर्भात सखोल माहिती प्राप्त करून घेण्याच्या उद्देशाने सदर कामाच्या अनुषंगाने काढण्यात आलेल्या निविदेच्या तसेच कार्यादेशाच्या आणि ठेकेदारास अदा करण्यात आलेल्या देयकांच्या प्रती मला उपलब्ध करून देण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'

हे ७५ शब्द आहेत, मर्यादेच्या बरोबर निम्मे, आणि त्यांत मागितले आहेत फक्त तीन कागद. आता एकेक भाग पाहू.

'महोदय'पासून 'येते की'पर्यंतचे नऊ शब्द सरळ काढा. जोडपत्र 'अ'च्या नमुन्यात माहितीचा विषय, कालावधी आणि वर्णन असे वेगळे रकाने आहेत, त्यामुळे विषय पुन्हा सांगायचे कारण नाही.

खड्डे आणि त्रास यांचा भाग काढायला जीवावर येते, कारण अर्ज करण्यामागचे खरे दुखणे तेच असते. पण कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराने माहिती का हवी हे सांगायची गरज नाही. उलट तोटा आहे. आवक टेबलावर वरवर वाचणाऱ्याला पहिल्या वाक्यात खड्डे आणि त्रास दिसले तर कागद तक्रार म्हणून बांधकाम विभागाकडे सरकू शकतो. त्रासाची तक्रार स्वतंत्र कागदावर करा.

'सखोल माहिती' हा या मसुद्यातला सगळ्यांत घातक भाग. त्या नावाचा कोणताही कागद फाइलीत नसतो. 'माहिती मोघम स्वरूपाची आहे' असे उत्तर द्यायला तो शब्द आयती जागा देतो. 'गेल्या वर्षी'ही तसेच: आर्थिक वर्ष की कॅलेंडरचे? इथे छाटायचे नाही, नेमके करायचे आहे.

तीनही 'सदर', 'च्या संदर्भात', 'च्या अनुषंगाने', 'प्राप्त करून घेण्याच्या उद्देशाने' काढा. 'अदा करण्यात आलेल्या' म्हणजे 'दिलेली'. उरते ते:

'शिवाजी चौक ते पाण्याची टाकी रस्त्याच्या २०२३-२४ मधील डांबरीकरणाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: निविदा, कार्यादेश, ठेकेदाराला दिलेली देयके.'

अठरा शब्द. पण इथे थांबू नका. खड्डे लवकर का पडले हे ज्या कागदांवरून कळेल, ते पहिल्या मसुद्यात मागितलेच नव्हते. मोकळ्या झालेल्या जागेत ते जोडा:

'मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदी, डांबराच्या चाचणीचे अहवाल, दोषदायित्व कालावधी ठरवणारे करारातले कलम.'

हे आणखी १३ शब्द. एकूण ३१ शब्दांत तीनऐवजी सहा कागद मागून झाले. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी आणि लांबी किती मोजली ते असते, आणि दोषदायित्व कालावधी संपला नसेल तर खड्डे ठेकेदारानेच बुजवायचे असतात. पहिल्या मसुद्यातली खड्ड्यांची तक्रार जे करू पाहत होती, ते हे दोन कागद करतात.

शब्द मोजायचे कसे? मराठीत प्रत्यय जोडलेले असतात, मग एक शब्द धरायचा की दोन?

दोन मोकळ्या जागांमधला मजकूर म्हणजे एक शब्द, संगणक असेच मोजतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आधीच्या शब्दाला जोडून लिहितात, म्हणून 'रस्त्यासाठी', 'देयकांबद्दल', 'पालिकेकडून' हे प्रत्येकी एकच शब्द. बरेच जण 'रस्त्या साठी', 'देयकां बद्दल', 'पालिके कडून' असे तोडून लिहितात. शुद्धलेखन तर चुकतेच, वर तीन शब्दांचे सहा होतात. १५० च्या अर्जात असे दहा ठिकाणी झाले तर दहा शब्द फुकट गेले. म्हणून छाटणीआधी तुटलेली अव्यये जोडून घ्या. कधी कधी तेवढ्यानेच अर्ज मर्यादेत येतो.

वर्ड वापरत असाल तर मजकूर निवडून `Ctrl+Shift+G` दाबा, शब्दसंख्या समोर येते. मर्यादेत बसवायला वेगळे शब्द ओढूनताणून चिकटवू मात्र नका. 'निविदाकार्यादेशदेयके' हा शब्द मोजणीत एक होईल, पण वाचणाऱ्याला तो तीन वेळा वाचावा लागेल.

इतके छाटले तर पत्र उद्धट वाटणार नाही का?

मराठीत अदब क्रियापदाच्या रूपात असते, वाक्याच्या लांबीत नसते. 'द्या' हा आज्ञार्थ आहे. ओळखीच्या माणसाला तो चालतो, अनोळखी अधिकाऱ्याला रुक्ष वाटू शकतो. 'द्याव्यात' हा विध्यर्थ आहे, त्यातच विनंती आहे. 'देण्यात याव्यात' त्याहून नम्र नाही, फक्त लांब आहे, आणि कोणी द्यायच्या ते त्यात नाही. 'आपण द्याव्यात' म्हटले तर आदरही आला आणि कर्ताही.

शेवटी 'ही विनंती' एकदा असू द्या. आरंभी 'विनंतीपूर्वक', मध्ये 'कृपया' आणि शेवटी 'नम्र विनंती' असे तिन्ही असतील तर कोणतेही दोन काढा. सोसायटीतल्या वयस्कर अध्यक्षांना पत्र लिहिताना 'काका' म्हणून सुरुवात करण्यात किंवा 'आपल्या सोयीने' म्हणण्यात काही वावगे नाही. ते भरतीचे शब्द नव्हेत, त्यांनी नाते सांगितले. माहिती अधिकाराच्या अर्जात तेवढे नाते लागत नाही, इतकेच.

कोणते शब्द जड दिसले तरी ठेवावेत?

अट, मुदत आणि व्याप्ती सांगणारे. '३० जून रोजी किंवा त्यापूर्वी' लांब आहे, पण ते '३० जूनपूर्वी' केले तर ३० जूनचा दिवस बाहेर गेला. '३० जूनपर्यंत' हे चांगले छोटे रूप, कारण त्यात तो दिवस धरला जातो. 'आणि/किंवा', 'यथास्थिति', 'अन्यथा' हे करारात आणि नियमांत जिथे असतील तिथे वकिलाला विचारल्याशिवाय काढू नका.

'मंजूर', 'अंतिम', 'मूळ', 'साक्षांकित' ही विशेषणे सजावटीची वाटतात, पण ती वेगवेगळे कागद दाखवतात. 'अंतिम देयक' आणि 'देयक' एक नव्हे. ठेकेदाराला मध्येमध्ये चालू देयकेही मिळतात. उलट 'प्रचंड', 'मोठ्या प्रमाणावर', 'अत्यंत' यांच्या जागी आकडा असेल तर तो द्या आणि नसेल तर ती काढा. 'मोठ्या प्रमाणावर खड्डे'पेक्षा '२०० मीटरमध्ये १४ खड्डे' वाचल्यावर माणूस उठून पाहायला जातो.

'सदर'लाही एक खरे काम आहे. मजकुरात दोन इमारती, दोन रस्ते किंवा दोन करार असतील आणि आत्ताच उल्लेख केलेल्याबद्दल बोलायचे असेल तर तो किंवा 'हा' लागतो. 'हा' छोटा आहे, तो आधी वापरून पाहा.

संगणकाने शोधून एकदम बदलता येतील का?

शोधता येतात, एकदम बदलता येत नाहीत. `Ctrl+F` दाबून हे तुकडे एकेक शोधा. पूर्ण शब्द न टाकता मुळाचा तुकडा टाकला की त्याची सगळी रूपे सापडतात:

```
ण्यात ये
ण्यात आल
वस्तुस्थिती
अनुषंग
संदर्भात
उद्देशाने
कारणास्तव
सदर
```

प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवा. 'सदर' शोधताना 'सदरा'ही सापडेल आणि वर्तमानपत्रातले 'सदर'ही. 'ण्यात आल' शोधताना 'त्याच्या बोलण्यात आले' हे चांगले, जिवंत मराठी वाक्यही पुढे येईल. त्याला हात लावू नका.

सगळे एकदम बदलण्याचा मोह कुठे फसतो ते पाहा. 'च्या संदर्भात' शोधून तिथे 'बद्दल' टाकले तर 'रस्त्याच्या संदर्भात'चे 'रस्त्याबद्दल' झाले, छान. पण त्याच फेरीत 'आमच्या संदर्भात'चे 'आमबद्दल' होते आणि 'त्यांच्या संदर्भात'चे 'त्यांबद्दल'. हवे होते 'आमच्याबद्दल' आणि 'त्यांच्याबद्दल'. नामाला 'बद्दल' त्याच्या सामान्यरूपावर थेट लागतो, सर्वनामाला 'च्या' ठेवून लागतो. हा फरक संगणकाला कळत नाही.

शोधूनही काहीच सापडत नसेल आणि शब्द तर डोळ्यांसमोर दिसत असेल, तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नाही, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तिथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीत इंग्रजी अक्षरे असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग शोधा.

एसएमएसने सूचना पाठवतो. तिथे छाटणीने काही फरक पडतो का?

तिथे तो पैशांत दिसतो. देवनागरीच्या एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात. मजकूर त्याहून मोठा झाला की त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागात ६७ चिन्हेच उरतात, कारण बाकीची जागा भाग जोडायच्या खुणेला लागते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरले जाते. 'उद्या' डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण मोजणीत उ, द, हलन्त, य, काना अशी पाच भरतात.

सोसायटीची नेहमीची सूचना घ्या: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टाकी साफ करण्याच्या कारणास्तव उद्या सकाळी १० ते १ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे.' ही १२७ चिन्हे झाली, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. पहिल्या भागाची ६७ चिन्हे 'उद्या' या शब्दाच्या मधोमध संपतात. फोन दोन्ही भाग जोडून दाखवतो खरा, पण पडद्यावर वर येणाऱ्या छोट्या झलकेत सुरुवातीचेच शब्द दिसतात, आणि सुरुवातीला आहे 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की'. पाणी कधी जाणार ते संदेश उघडल्याशिवाय कळत नाही.

'उद्या सकाळी १० ते १ पाणी बंद. टाकी साफ करणार आहोत.' ही ५० चिन्हे आहेत. वेळ आधी आली, कारण नंतर आले, आणि सोसायटीचे नाव घालायला अजून २० चिन्हे हातात आहेत.